तांबी बसवल्यानंतरच्या कळा आणि डाग: किती दिवस वाट पाहायची, कधी परत जायचं

तांबी बसवून घरी आलं की ओटीपोटात कळा येतात आणि कपड्याला थोडे थोडे डाग लागत राहतात. दवाखान्यातून निघताना "थोडं दुखेल, घाबरू नका" एवढंच सांगितलेलं असतं. घरी आल्यावर जाऊ किंवा शेजारीण म्हणते, "तुला मानवलेली दिसत नाही, काढून टाक." हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. पहिल्यावर विसंबून एखादी बाई ताप चढेपर्यंत दुखणं अंगावर काढते. दुसरा ऐकून कितीतरी जणी तीन ते सहा महिन्यांत निवळणाऱ्या त्रासापायी दहा वर्षं चालणारं साधन काढून घेतात.

दुखणं "थोडं" की "फार" हे ठरवणं अवघड असतं, कारण प्रत्येकीची सोसण्याची ताकद वेगळी. त्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त उपयोगी पडतो: त्रास उतरत चालला आहे की चढत? काल होता त्यापेक्षा आज कमी, आजपेक्षा उद्या कमी, असं चाललं असेल तर बहुतेक वेळा सगळं ठीक असतं. उतरलेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, किंवा आधी नसलेलं काही नव्याने सुरू झालं, तर तपासणी हवी. पुढचं सगळं विवेचन याच एका फरकाभोवती आहे.

## तांबी म्हणजे नेमकं काय

तांबी, म्हणजेच कॉपर-टी, हा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा लवचीक प्लॅस्टिकचा तुकडा. सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणाऱ्या दोन प्रकारांपैकी ३८०ए ही दहा वर्षं चालते आणि ३७५ ही पाच वर्षं. हे आकडे तिच्यावर असलेल्या तांब्याच्या पृष्ठभागाचे आहेत, चौरस मिलिमीटरमध्ये. ३८०ए ची उभी दांडी ३६ मिलिमीटर लांब असते आणि आडवी ३२ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या दीड पेरांएवढीच. उभ्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि खालच्या टोकाला नायलॉनसारखा दोन पदरी दोरा असतो.

तांब्याचे अतिसूक्ष्म कण गर्भाशयात सतत झिरपत असतात. ते पुरुषबीजांना निकामी करतात, त्यामुळे बीज फळतच नाही. यात संप्रेरकं अजिबात नसतात, म्हणून पाळीचं चक्र जसं होतं तसंच चालू राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तांबी असताना पाळी चुकली तर ती "तांबीमुळे चुकली" असं कधीच धरायचं नसतं. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

## बसवताना दुखतं ते कशामुळे

टेबलावर झोपवल्यावर आधी हाताने तपासून गर्भाशय पुढे झुकलेलं आहे की मागे, हे पाहतात. मग योनिमार्ग उघडा ठेवणारं उपकरण लावतात आणि गर्भाशयाचं तोंड जंतुनाशकाने पुसतात. इथपर्यंत अवघडल्यासारखं होतं, पण फारसं दुखत नाही.

त्यानंतर कळ येण्याच्या तीन जागा असतात. गर्भाशय हलू नये म्हणून त्याचं तोंड एका चिमट्याने धरतात, तेव्हा चिमटा बसल्यासारखी पहिली कळ येते. मग खोली मोजण्यासाठी एक बारीक सळई आत घालतात. खोली साधारण ६ ते ९ सेंटीमीटर भरते. ती नीट मोजली नाही तर तांबी फार खाली राहू शकते किंवा भिंतीवर जोराने टेकू शकते, म्हणून ही पायरी गाळत नाहीत. सळई वरच्या टोकाला टेकते तेव्हा पाळीसारखी दुसरी कळ येते. शेवटी तांबी असलेली नळी आत नेऊन मागे ओढतात, तांबीचे हात उघडतात आणि ती आत राहते. तिसरी कळ त्या वेळची. दोरा तोंडाबाहेर ३ ते ४ सेंटीमीटर ठेवून कापला की काम संपतं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं लागतात.

काहींना याच वेळी घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागल्यावर शरीर क्षणभर नाडीचा वेग आणि रक्तदाब खाली आणतं, त्याचा हा परिणाम. पाय थोडे वर घेऊन आडवं राहिलं की दहा-पंधरा मिनिटांत तो ओसरतो. म्हणून तांबी बसवल्यावर लगेच उठून रिक्षा गाठायची घाई करू नये. अर्धा तास तिथेच थांबावं आणि शक्य असेल तर सोबत कुणीतरी असावं.

ज्यांचं एकही बाळंतपण योनिमार्गाने झालेलं नाही, किंवा ज्यांची पाळी मुळातच दुखरी आहे, त्यांना बसवताना आणि नंतरही जास्त दुखतं. सगळी बाळंतपणं सिझेरियनने झालेल्याही यातच येतात. तसं असेल तर बसवण्याआधीच सांगावं. वेदनाशामक गोळी किंवा गर्भाशयाच्या तोंडाजवळ बधिर करण्याचं इंजेक्शन याबद्दल विचारण्यात काही गैर नाही.

## पहिला आठवडा

पहिल्या २४ तासांत पाळीच्या पहिल्या दिवसासारख्या कळा येणं अपेक्षित आहे. गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे. आत काही नवीन आलं की तो आकुंचन पावून ते बाहेर ढकलू पाहतो. ही आकुंचनं लाटांसारखी येतात: दोन-चार मिनिटं आवळल्यासारखं होतं, मग सैल पडतं, पुन्हा येतं. मधल्या काळात आराम वाटतो, हे साध्या कळांचं चांगलं लक्षण. दुखणं कमरेत किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला उतरलं तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जोर कमी होतो आणि तीन ते पाच दिवसांत बहुतेकींचं दुखणं नाममात्र राहतं.

चिमट्याने धरलेल्या जागेवरून पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं ताजं लाल रक्त येतं. मग ते गुलाबी किंवा तपकिरी होतं. तपकिरी रंग पाहून अनेकजणी दचकतात, पण ते फक्त जुनं, हळूहळू बाहेर आलेलं रक्त असतं. पॅड न भिजता फक्त कपड्याला लागण्याइतकं रक्त गेलं तर त्याला डाग म्हणायचं. असे डाग काही दिवस ते काही आठवडे, मधेच थांबून पुन्हा, येऊ शकतात. त्यांना वास मात्र नसावा. पाळीच्या रक्ताला जेवढा असतो तेवढाच.

या दिवसांत स्वयंपाक, नोकरी, शेतातलं नेहमीचं काम करायला हरकत नाही. कामाने किंवा वजन उचलल्याने तांबी सरकत नाही. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी शेकायला चांगली. पहिले एक-दोन दिवस संबंध टाळावेत आणि योनिमार्गात काही घालू नये, एवढं पथ्य पुरे. आंघोळ नेहमीसारखी करावी. आतून धुण्याचं, औषधी पाण्याने फवारण्याचं मात्र कधीच करू नये.

## पाळी तीन ते सहा महिने जास्त का जाते

बसवतानाचं दुखणं आठवड्यात संपतं हे पटतं. मग पुढच्या पाळ्या का बिघडतात, हा खरा गोंधळात टाकणारा भाग आहे.

तांब्यामुळे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर एक सौम्य, जंतूविरहित दाह तयार होतो. हा दाह म्हणजे बिघाड नव्हे, गर्भ न राहण्यामागे त्याचाही हात आहे. नुकतं टोचलेलं नाक काही दिवस लाल राहतं, थोडं पाणी सुटतं आणि मग चमकीला सरावतं, तसंच अस्तराचंही होतं. पण या दाहामुळे अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जास्त तयार होतात. पाळीत ज्या कळा येतात त्या याच रसायनांमुळे, कारण ती गर्भाशयाला आवळायला लावतात. त्याच वेळी अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि रक्त गोठून त्यांचं तोंड बंद होण्याची क्रियाही मंदावते. म्हणून कळा आणि रक्तस्राव दोन्ही एकदम वाढतात.

साधारणपणे पाळीतलं रक्त २० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि पाळी एक-दोन दिवस लांबते. चार दिवसांची पाळी सहा दिवसांवर जाणं, पहिल्या दोन दिवसांत एखादं पॅड जास्त लागणं, पाळीच्या आधी दोन दिवस डाग दिसणं हे सगळं यात बसतं. पहिल्या तीन पाळ्या सर्वांत जड जातात. सहाव्या महिन्यापर्यंत बहुतेकींचं बस्तान बसतं. पाळी अगदी पूर्वीइतकी कमी होईलच असं नाही. काहींची थोडी जास्तच राहते, हे आधी माहीत असलेलं बरं.

## गोळी कोणती आणि कधी

वर सांगितलेल्या रसायनांमुळेच औषधाची निवड ठरते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. त्यामुळे ती दुखणं तर कमी करतातच, पण रक्तस्रावही घटवतात. पॅरासिटामॉल फक्त दुखण्यावर चालतं, रक्तस्रावावर त्याचा परिणाम होत नाही. ॲस्पिरिन मात्र घेऊ नये, त्याने रक्त जास्त वाहतं.

बसवल्याच्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस दुखलं तर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवल्यावर, किमान आठ तासांच्या अंतराने घेता येतं. दिवसाला तीन गोळ्यांच्या पुढे जाऊ नये. जड पाळीसाठी पद्धत थोडी वेगळी आहे: रक्त सुरू झालं की लगेच ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस. इथे बहुतेकींची चूक एकच होते. दुखणं असह्य झाल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, गोळी घेतली जाते. तोवर रसायनं तयार होऊन गेलेली असतात आणि मग "गोळीने काही फरक पडत नाही" असं वाटतं. पाळीची चाहूल लागताच सुरू केलेली तीच गोळी कितीतरी जास्त उपयोगी पडते.

पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, अशा गोळ्यांनी उठणारा दमा, किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. त्यांनी भागलं नाही तर डॉक्टर पाळीच्या दिवसांपुरतं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. ते रक्ताची गुठळी टिकवून धरतं. म्हणूनच ज्यांच्या पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली होती त्यांना ते चालत नाही, आणि म्हणूनच ते दुकानातून आपल्या मनाने आणायचं औषध नव्हे.

## एक उदाहरण, दिवसागणिक

समजा २७ वर्षांची एक बाई आहे. तिला दोन वर्षांचं मूल आहे, पाळी २८ दिवसांची, चार दिवस जाते आणि पहिल्या दोन दिवसांत रोज तीन पॅड लागतात. पाळीच्या पाचव्या दिवशी तिने उपकेंद्रात ३८०ए बसवून घेतली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळा आल्या, एक गोळी दुपारी आणि एक रात्री घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी एकच पुरली. तिसऱ्या दिवशी कळा अधूनमधून, सहाव्या दिवशी नाहीत. डाग मात्र आठवडाभर राहिले, चार दिवस थांबले, पुन्हा दोन दिवस दिसले.

बसवल्यानंतर साधारण २४व्या दिवशी पाळी आली. या वेळी पहिल्या दोन दिवसांत पाच-पाच पॅड लागले, कळा नेहमीपेक्षा जास्त आणि पाळी सहा दिवस गेली. हे सगळं अपेक्षित चौकटीत आहे. पाळी संपल्यावर ती तपासणीला गेली. बसवल्यावर ३ ते ६ आठवड्यांत, पहिली पाळी होऊन गेल्यावर, एकदा दाखवायचं असतं ते हेच. सिस्टरनी दोरा पाहिला आणि हिमोग्लोबिन तपासलं. ते १०.८ भरलं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पाळी सुरू होताच आयबुप्रोफेन घ्यायला सांगितलं. चौथ्या पाळीला पॅड पुन्हा तीन-चारवर आले.

आता याच बाईच्या बाबतीत दोन वेगळे फाटे धरू. पहिला: सहाव्या दिवशी थांबलेलं दुखणं बाराव्या दिवशी पुन्हा सुरू झालं. या वेळी लाटा नाहीत, ओटीपोट सतत ठणकतं, चालताना झटका बसल्यासारखं होतं. पांढऱ्या जाण्याला वास येतोय आणि थर्मामीटर १०१ दाखवतोय. हे तांबीचं "बसणं" नव्हे, हा गर्भाशयातला जंतुसंसर्ग आहे असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुसरा: पाचवी पाळी आठ दिवस उशिरा, नुसते तपकिरी डाग आणि उजव्या बाजूला एकाच जागी दुखतंय. इथे लघवीची गर्भचाचणी आणि तातडीची तपासणी हवी. दोन्ही वेळी दुखण्याचा जोर पहिल्या दिवसाच्या कळांपेक्षा कमीसुद्धा असू शकतो. फरक आहे तो दुखण्याच्या वेळेत आणि त्याच्या सोबत आलेल्या लक्षणांत.

## त्याच दिवशी परत जायचं ते कधी

जंतुसंसर्गाची शक्यता बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत थोडी वाढलेली असते. याचं कारण तांबी स्वतः नसते. गर्भाशयाच्या तोंडाशी आधीच असलेले जंतू बसवताना वर ढकलले जातात. विसाव्या दिवसानंतर ही शक्यता तांबी नसलेल्या बाईइतकीच उरते. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणं, वाढत जाणारं ओटीपोटातलं दुखणं, घाण वासाचं किंवा पुवासारखं पांढरं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं यांपैकी काहीही झालं तर "सर्दीचा ताप असेल" म्हणून थांबू नये. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक वेळा तांबी काढावीही लागत नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर मात्र काढतात. उशीर झाला तर गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, म्हणून इथे घाई करायची.

रक्तस्रावाचं माप असं: मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास असंच चाललंय, किंवा दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतायत, चक्कर येतेय, तर लगेच जायचं, रात्र असली तरी. पाळी आठ दिवसांहून जास्त चालली किंवा नेहमीच्या दुप्पट गेली, पण अंगात त्राण आहे, तर एक-दोन दिवसांत दाखवायचं.

पाळी चुकणं हे तिसरं कारण. तांबी असताना वर्षभरात शंभरातल्या एकीपेक्षाही कमी बायकांना दिवस जातात. पण गेलेच तर गर्भ गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत रुजण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते: अशा शंभर गर्भधारणांपैकी सुमारे सहा ते आठ. तांबीमुळे असे गर्भ वाढतात असा याचा अर्थ नाही. एकूण गर्भधारणाच इतक्या कमी होतात की असा गर्भ राहण्याचा धोकाही कोणतंच साधन न वापरणाऱ्या बाईपेक्षा कमीच असतो. तरीही पाळी आठवडाभर चुकली तर चाचणी करायची. पाळी चुकून एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणं किंवा भोवळ आली तर १०८ला फोन करायचा आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात जायचं. गर्भनलिका फुटून पोटात रक्त साचत असेल तर बाहेर मात्र थोडेच डाग दिसतात.

## कळा वाढल्या, दोराही लांब लागतोय

तांबी काही वेळा आपोआप सरकून बाहेर येते. पहिल्या वर्षात शंभरातल्या दोन ते दहा जणींच्या बाबतीत हे होतं, आणि बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत, पाळी चालू असताना. गर्भाशय तिला तोंडाकडे ढकलत असेल तर कळा पुन्हा वाढतात, पाळीबाहेर डाग पडतात आणि दोरा पूर्वीपेक्षा लांब लागतो. म्हणून पहिले काही महिने पाळी संपली की दोरा पाहावा. हात साबणाने धुवून उकिडवं बसायचं, मधलं बोट आत सारायचं. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते गर्भाशयाचं तोंड. तिथे दोरा बोटाला लागला की झालं. ओढायचं नाही. दोऱ्याबरोबर टोकदार, कडक प्लॅस्टिक लागलं तर तांबी अर्धी बाहेर आलेली आहे. ती आत ढकलायचा प्रयत्न करू नये आणि तोवर तिच्यावर विसंबूही नये, निरोध वापरावा. पाळीसाठी कप वापरणाऱ्यांनी तो काढताना आधी कडा दाबून हवा शिरू द्यावी, नाहीतर दोऱ्यासकट तांबी ओढली जाऊ शकते.

दोरा लागतच नसेल तर तो बहुधा तोंडाच्या वर वळून बसलेला असतो. पण तांबी नकळत पडून गेली असेल किंवा आत सरकली असेल ही शक्यता सोनोग्राफीने तपासावी लागते. "तांबी पोटात फिरते, छातीपर्यंत चढते" ही भीती याच ठिकाणी डोकं वर काढते. गर्भाशय वरून बंद असतं, तिथून छातीकडे वाटच नाही. क्वचित, साधारण हजारात एकदा, बसवताना भिंतीला छेद जाऊन तांबी पोटाच्या पोकळीत जाते. अंगावर पाजणाऱ्या आयांमध्ये हे प्रमाण थोडं जास्त असतं, कारण त्या काळात भिंत मऊ असते. अशा वेळी न उतरणारं दुखणं आणि दोरा न लागणं ही खूण. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियमचा क्षार मिसळलेला असल्याने ती एक्स-रेमध्ये दिसते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येते.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवली असेल तर हिशोब बदलतो. तेव्हा जाणारं रक्त बाळंतपणाचंच असतं, कळाही गर्भाशय मूळ आकाराला येतानाच्या असतात. दोरा सुरुवातीला लागतच नाही, काही आठवड्यांनी खाली येतो. या पद्धतीत तांबी निसटण्याचं प्रमाणही जास्त आहे. म्हणून सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नये.

## "इतकं रक्त गेल्यावर अशक्तपणा येणार नाही का?"

ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकणं चुकीचं आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांचं हिमोग्लोबिन आधीच १२च्या खाली असतं. त्यात दर महिन्याला थोडं जास्त रक्त गेलं तर वर्षभरात धाप लागणं, पाय गळून जाणं सुरू होऊ शकतं. म्हणून बसवण्याआधी एकदा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. कमी असेल तर लोहाची गोळी घ्यावी, चहाबरोबर नाही, लिंबू-पाण्याबरोबर. आधीच पाळी खूप जात असेल किंवा गर्भाशयात गाठी असतील तर तांबीऐवजी दुसरं साधन जास्त बरं पडू शकतं. हे बसवण्याआधी बोलायचं असतं.

सहा महिने उलटूनही पाळी तेवढीच जड असेल, किंवा वर्षभर सुरळीत चाललेली पाळी अचानक बिघडली, तर सगळा दोष तांबीवर टाकू नये. अस्तरातली गाठ, तोंडावरचा कोंब, संसर्ग, सरकलेली तांबी यांतलं काही निघू शकतं. संबंधानंतर रक्त येत असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायलाच हवं.

## "आणि नाहीच सोसलं तर?"

तर काढून घ्यावी. कारण सांगावंच लागतं असं नाही, नवऱ्याची सही लागत नाही. तीन महिने वाट पाहिली तर बहुतेकींना बरं वाटतं, हे सांगणं आरोग्य सेविकेचं काम. पण वाट पाहायची की नाही, हे ज्या बाईच्या पोटात कळा येतात तिनेच ठरवायचं. काढायला एक-दोन मिनिटं लागतात: दोरा चिमट्यात धरून हलकेच ओढला की हात मिटून तांबी बाहेर येते, एक छोटी कळ येते. ती स्वतः ओढून काढू नये, दोरा तुटून वर जाऊ शकतो.

काढल्याबरोबर संरक्षण संपतं, त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. एवढंच नाही, आदल्या चार-पाच दिवसांत संबंध आला असेल तर ते पुरुषबीज अजून जिवंत असू शकतं. म्हणून मूल नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस निरोध वापरावा किंवा पाळी चालू असताना काढून घ्यावी, आणि पुढचं साधन कोणतं हे त्याच भेटीत ठरवून, गोळ्या असतील तर त्या हातात घेऊनच घरी यावं.